सोसायटीचा ठराव : 'परिस्थिती सुधारेपर्यंत' म्हणजे नक्की कधीपर्यंत?

आयर्विनकाठ · ११ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. आमची सांगलीतली ४२ सदनिकांची सोसायटी आहे, नदीच्या बाजूची. मागच्या सप्टेंबरात मी सचिव झाले. गेल्या आठवड्यात एका ताईंनी, ज्यांनी २०२३ मध्ये घर घेतलं, मला लेखी विचारलं : "देखभालीच्या बिलात दरमहा ३०० रुपये पूरनिधी लागतो, तो कुठल्या ठरावानं आणि कधीपर्यंत?"

प्रोसिडिंग बुक काढलं. २५ ऑगस्ट २०१९ च्या विशेष सभेचा ठराव ६/२०१९ सापडला. पूर ओसरून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, मीटररूमचा चिखल काढून जेमतेम झाला होता. ठराव जसाच्या तसा देते :

"पूरपरिस्थिती विचारात घेता सध्या प्रति सदनिका दरमहा रु. ३०० पूरनिधी घेण्यात यावा, तसेच पावसाळ्यात तळमजल्यावरील पार्किंग बंद ठेवून वाहने मागील मैदानात लावावीत. सदर व्यवस्था परिस्थिती सुधारेपर्यंत राहील. सर्वानुमते मंजूर."

त्यानंतर मार्च २०२२ मध्ये मीटर तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर नेले. निधी मुख्यतः त्यासाठीच होता असं जुने सभासद सांगतात, पण ठरावात तसा शब्द नाही. सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२२ या ३१ महिन्यांत ३,९०,६०० रुपये जमले आणि काम त्यात झालं. आकारणी मात्र थांबली नाही. एप्रिल २०२२ ते डिसेंबर २०२४ या ३३ महिन्यांचे आणखी ४,१५,८०० झाले.

मी त्या ताईंना काय उत्तर देऊ? आणि यापुढे ठराव कसा लिहायचा, की पाच वर्षांनी वही उघडणाऱ्याला तो जिवंत आहे की संपलाय हे कुणाला न विचारता कळेल? मार्चमध्ये विशेष सभा घ्यायची आहे, त्याआधी मसुदा करायचा आहे.

---

मिरजवाला · ११ जानेवारी

ताई, सरळ निबंधकांकडे तक्रार करा. ३३ महिन्यांचे पैसे परत मागा. आमच्या मेव्हण्याच्या सोसायटीत ट्रान्सफर फी जास्त घेतली होती. २५ हजारांच्या वर घेता येत नाही म्हटल्यावर परत करावी लागली.

---

आयर्विनकाठ · ११ जानेवारी

दादा, तक्रार मी कुणाविरुद्ध करू, सचिव मीच आहे. 🙏 पैसे परत द्यायचे का, हा प्रश्न आहेच आणि तो सभेपुढे जाईल. इथं विचारतेय ते ठराव लिहिण्याबद्दल.

---

विश्रामबागकर · ११ जानेवारी

सोपं आहे. प्रत्येक ठरावाखाली एक शेवटची तारीख टाका. "३१ मार्च २०२६ पर्यंत." बास. तारीख गेली की ठराव गेला. बाकी कशाची गरज नाही. आम्ही क्लबात असंच करतो.

---

दप्तरी_काका · १२ जानेवारी

विश्रामबागकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. तारीख हवीच. पण नुसत्या तारखेनं काय होतं ते सांगतो. महसूल खात्यात कारकुनीपासून सुरुवात केली आणि उभी नोकरी आदेशांच्या फाइली सांभाळण्यात गेली, म्हणून जरा लांबण लागेल.

आयर्विनकाठ ताई, तुमच्या ठरावात आधी एक गोष्ट बघा. एका वाक्यात दोन निर्णय शिवलेत. एक पैशाचा, एक पार्किंगचा. दोघांचं आयुष्य वेगळं आहे. पैशाचा निर्णय एका कामासाठी आहे, काम झालं की त्याचं प्रयोजन संपतं. पार्किंगचा निर्णय दर पावसाळ्यात उगवतो आणि दिवाळीच्या आत मावळतो, पुढच्या वर्षी परत. आता "परिस्थिती सुधारली" असं कोणी म्हणालं, तर कुठली? मीटर वर गेले म्हणजे पैशापुरती सुधारली. पण नदी तर तिथंच आहे. दोन्ही निर्णय एकाच दाव्याला बांधल्यामुळे एकही सोडता येत नाही. म्हणून पहिलं काम : ज्यांची मुदत वेगळी, त्यांचा ठराव वेगळा, क्रमांक वेगळा.

दुसरं, "परिस्थिती सुधारेपर्यंत" हे शब्द वाईट का? मुदत अनिश्चित आहे म्हणून नव्हे. काही मुदती अनिश्चितच असतात. वाईट यासाठी की ती सुधारली हे *कोणी म्हणायचं*, हे लिहिलेलं नाही. अध्यक्षांनी? सभेनं? मीटर वर गेले त्या दिवशी वहीत कुणी काही लिहिलं का?

जमावबंदीचा आदेश कधी वाचला असेल तर आठवा. अमुक तारखेच्या ००.०१ वाजल्यापासून अमुक तारखेच्या २४.०० वाजेपर्यंत, अमुक हद्दीत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली तो दोन महिन्यांच्या वर चालत नसे, आणि जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ झालं तरी ती मर्यादा तशीच आहे. पुढं न्यायचा तर शासनाला वेगळा हुकूम काढावा लागतो. रस्त्यावरचा पोलीस आणि रस्त्यावरचा माणूस, दोघांना तो कागद वाचून कळतं की आज तो लागू आहे की नाही. तुमच्या वहीतल्या ठरावाला हीच कसोटी लावा.

---

द्राक्षबाग · १२ जानेवारी

काका, हे आमच्यात लई झालंय. कवठेमहांकाळ तालुका. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं तेव्हाची गोष्ट. आमची चार भावकीची एक सामाईक विहीर. स्टँपवर लिहून घेतलं : प्रत्येकानं आठ दिवसांतून चार तास मोटर चालवायची, "म्हैसाळचं पाणी आल्यावर पूर्वीप्रमाणे."

आता भांडण कशावर तर "पाणी आलं" म्हणजे काय. कालव्याला पहिल्यांदा पाणी दिसलं तेव्हा धाकटा चुलत भाऊ म्हणाला आलं. थोरला म्हणतो, एकदा आलं आणि मग आवर्तनच नाही, ह्याला आलं म्हणायचं का? त्याचं बी खोटं नव्हतं. अजून मोटरीच्या पाळीवर वाद होतोय आणि दोघं तोच स्टँप दाखवतात. एकाच कागदावर दोघं खरे.

---

दप्तरी_काका · १२ जानेवारी

द्राक्षबाग, अगदी हेच. तुमच्या कागदात घटना लिहिली होती, पण ती मोजता येण्यासारखी नव्हती. "लागोपाठ दोन आवर्तनं आमच्या वितरिकेला मिळाली की" असं असतं, तर धाकटा-थोरला दोघांनी बोटावर मोजलं असतं. आणि त्याहून महत्त्वाचं, तिसऱ्या माणसालाही मोजता आलं असतं. तुम्हा दोघांनंतर मुलं भांडतील तेव्हा पहिलं पाणी कधी दिसलं हे कुणाला आठवणार?

---

कोडेकर · १२ जानेवारी

मूळचा सांगलीचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडे निर्णयांच्या नोंदी ठेवतात. प्रत्येक नोंदीवर स्थिती असते : प्रस्तावित, मान्य, किंवा "नोंद क्र. १७ ने बदलला". जुनी नोंद पुसत नाहीत, नव्या-जुन्या दोघांवर एकमेकींचा क्रमांक टाकतात. तुमच्या सोसायटीलाही चालेल. वही तशीच राहू दे, शेजारी एक गुगल शीट ठेवा. ठराव क्रमांक, सभा, विषय, D मध्ये अंमल सुरू, E मध्ये अंमल शेवट, F मध्ये आज काय स्थिती :

```
=IF(E2="","मुदत नाही",IF(TODAY()>E2,"संपला",IF(E2-TODAY()<=60,"लवकर संपणार","चालू")))
```

६० दिवस ठेवलेत कारण वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी लागते, त्याआधी समितीची बैठक, मसुदा. ३० दिवसांत घाई होते.

---

सातारारोड · १२ जानेवारी

कोडेकर, तुमच्या सूत्रात एक भोक आहे. १ एप्रिलपासून लागू होणारा ठराव मार्चमध्येच लिहिला तर तो मार्चमध्येही "चालू" दाखवेल. D रकाना तुम्ही ठेवला, वापरला नाही. बरेच घोळ तिथंच होतात. ठराव ज्या दिवशी झाला तो दिवस आणि ज्या दिवशी लागू झाला तो दिवस लोक एकच समजतात. ताईंच्याच प्रकरणात सभा २५ ऑगस्टला, आकारणी १ सप्टेंबरपासून. हे ठरावात कुठंय? त्या वर्षीच्या बिलावरून कळतं, ठरावातून नाही.

---

कोडेकर · १२ जानेवारी

मान्य. दुरुस्त :

```
=IF(TODAY()<D2,"अजून सुरू नाही",IF(E2="","मुदत नाही",IF(TODAY()>E2,"संपला",IF(E2-TODAY()<=60,"लवकर संपणार","चालू"))))
```

---

दप्तरी_काका · १३ जानेवारी

शीट चांगली आहे, ठेवा. पण तिच्यावर विसंबू नका. समितीची मुदत ५ वर्षांची. ज्याच्या मोबाइलवर शीट आहे तो माणूस बदलला की शीट गेली. आणि ज्या ताईंनी विचारलं त्यांच्या हातात शीट नसते, ठरावाची झेरॉक्स असते. मुदत *त्या झेरॉक्सवर* दिसली पाहिजे. म्हणून ती ठरावाच्या मजकुरातच हवी. शीटमध्ये फक्त तिची आठवण.

सही झालेल्या इतिवृत्तात मात्र मागाहून "रद्द" वगैरे खरडू नका. कुणी, कधी, कशाच्या अधिकारानं खरडलं हा नवा वाद होतो. वहीच्या सुरुवातीला दोन पानं ठरावांच्या सूचीसाठी ठेवा, तिथं "ठराव ६/२०१९, पाहा ठराव ४/२०२५" एवढीच नोंद, सही आणि तारीख.

आता विश्रामबागकरांच्या "तारीख गेली की ठराव गेला" याकडे येतो. तीन प्रश्न राहतात.

एक : मुदत संपायच्या आत सभाच झाली नाही तर? गप्प बसलं तर ठराव संपतो की चालू राहतो, हे आधीच लिहायला हवं. माझं मत असं : पैसे घ्यायचा ठराव असेल तर गप्प बसलं की तो *संपावा*. कारण पैसे घेणाऱ्याला तो चालू राहिलेला सोयीचाच असतो, आठवण करून देण्याची गरज त्याला वाटत नाही. तुमच्याकडे ३३ महिने हेच झालं.

दोन : मुदतवाढ कोण देणार? ज्या सभेनं ठराव केला तिनंच. सर्वसाधारण सभेच्या ठरावाला समितीनं "चालू ठेवण्यात यावे" म्हणायचं नसतं. ताई, २०२० ते २०२२ मधली समितीची इतिवृत्तं बघा. असं वाक्य सापडेल असा माझा अंदाज आहे.

तीन : ठराव संपला तेव्हा ज्यांची बाकी राहिली होती त्यांचं काय? एखादा म्हणेल, ठराव संपला, आता मागची बाकी कशी मागता? हा प्रश्न कायद्यातही आहे. कायदा रद्द केला तर जुन्या हक्क-देण्यांना सर्वसाधारण कलमे अधिनियमाच्या कलम ६ चं संरक्षण मिळतं. पण तात्पुरता कायदा आपली मुदत भरून *संपला* तर ते कलम आपोआप लागत नाही. म्हणून तात्पुरत्या कायद्यात मसुदा करणारे वेगळं वाचवणारं कलम घालतात. तुमचा ठराव काही कायदा नाही, पण एक ओळ घाला : "मुदतीत देय झालेली रक्कम मुदतीनंतरही देय राहील." भांडण मिटतं.

---

आयर्विनकाठ · १३ जानेवारी

काका, तुमचा अंदाज खरा निघाला. ८ ऑगस्ट २०२१ ची समिती सभा : "पूरनिधी व पार्किंगबाबतची व्यवस्था पुढील निर्णय होईपर्यंत चालू ठेवण्यात यावी." जुलै २०२१ चा पूर नुकताच येऊन गेला होता, पाणी परत तळमजल्यात शिरलं होतं. त्या वेळी कुणाला ते चुकीचं वाटलं नसणार. पण वाचणाऱ्याला आता असं दिसतं की समितीनं २०२१ मध्ये नव्यानं ठरवलं, आणि "पुढील निर्णय" कधी झालाच नाही.

मी मसुदा केलाय. तळमजल्यावर आता पंप आणि जनरेटर उरलेत, ते वर न्यायचा अंदाज १,१०,००० रुपये आहे. नव्या कामासाठी नवी आकारणी हवी, असं बहुतेकांना वाटतं. जुनी शिल्लक वेगळी ठेवायची, तिचा निर्णय वेगळा.

"ठराव ४/२०२५. प्रति सदनिका दरमहा रु. ३०० पूरनिधी दि. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६, दोन्ही दिवस धरून, आकारण्यात यावा. निधी पंप व जनरेटर पहिल्या मजल्यावर नेण्यासाठीच वापरावा. निधी रु. १,१०,००० झाल्यावर किंवा काम पूर्ण झाल्याचा ठेकेदाराचा दाखला मिळाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यापासून ३० दिवसांत सचिवांनी आकारणी पुढे हवी की नको हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. दि. ३१ मार्च २०२६ पर्यंत सर्वसाधारण सभेने मुदतवाढ दिली नाही तर आकारणी थांबेल. मुदतीत देय झालेली रक्कम मुदतीनंतरही देय राहील. हा ठराव निधीपुरता ठराव ६/२०१९ ची जागा घेतो."

---

सातारारोड · १३ जानेवारी

मसुदा छान आहे. ४२ घरांचे ३०० म्हणजे महिन्याला १२,६००. नऊ महिन्यांत १,१३,४००. म्हणजे सगळ्यांनी वेळेवर भरलं तर डिसेंबरातच तुमची फेरविचाराची घटना घडते, मुदत संपायच्या तीन महिने आधी. चांगलंच आहे. पण मग सभेची तयारी मार्चऐवजी जानेवारीत करावी लागेल, ते आत्ताच वहीत टाका. आणि "निधी १,१०,००० झाल्यावर" म्हणजे बँकेत जमा झालेला की आकारलेला? सहा घरं थकली तर दोन आकडे वेगळे येतील.

---

आयर्विनकाठ · १३ जानेवारी

बँकेत जमा झालेला. तसा शब्द घालते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

विश्रामबागकर · १३ जानेवारी

काका म्हणतात ते पटलं. पण मग पार्किंगचंही तसंच करा ना. तारीख संपली, कुणी मुदतवाढ दिली नाही, की पार्किंग खुलं.

---

दप्तरी_काका · १४ जानेवारी

इथं मी अडखळतो. पैशाच्या बाबतीत गप्प बसण्याचा अर्थ "थांबवा" असा घ्यावा, पण सुरक्षेच्या बाबतीत गप्प बसण्याचा अर्थ "चालू ठेवा" असा घ्यावा असं मला वाटतं. सभा कोरमअभावी तहकूब झाली आणि त्याच आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढला, तर? ठराव संपला म्हणून गाड्या खाली राहिल्या, हे कुणाला सांगणार?

---

सातारारोड · १४ जानेवारी

मला हे पटत नाही, काका. मी इमारतींची कामं करतो. सुरक्षेच्या नावानं चालू ठेवलेल्या व्यवस्थाच सगळ्यात जास्त टिकतात, कारण त्या बंद करायची जबाबदारी कुणी घेत नाही. एका इमारतीत जिना दुरुस्तीसाठी दुसऱ्या बाजूचं दार कुलूप लावून बंद केलं होतं. जिना झाला, कुलूप तसंच. नंतर आलेल्या राहणाऱ्यांना ते दार भिंतीसारखंच वाटायला लागलं. आग लागली असती तर? सुरक्षेचा निर्णय आपोआप चालू राहू द्या, पण त्यालाही बाहेरची एक पक्की सीमा हवी. उदाहरणार्थ तीन पावसाळे. त्यानंतर कोणी काही म्हणो, तो संपलाच.

---

कोडेकर · १४ जानेवारी

पार्किंगसाठी तारीख कशाला, नदीची पातळीच घ्या. आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ४० झाले की फेरविचार. हीच घटना नोंदवा.

---

सातारारोड · १४ जानेवारी

थांबा, इथं दोन वेगळ्या गोष्टी मिसळताहेत. ४० फूट झाल्यावर गाड्या हलवणं ही *अंमलबजावणीची* अट आहे. ठराव लागू असताना आज काय करायचं, ते ती सांगते. फेरविचाराची घटना ही ठराव स्वतः अजून योग्य आहे का, हे विचारायला लावते. पातळी ४० झाली म्हणून ठरावावर चर्चा करायला कुणी बसणार नाही, गाड्या ढकलत असतील सगळे. फेरविचाराची घटना अशी हवी : मागच्या मैदानाची जागा उपलब्ध राहिली नाही, किंवा पावसाळा संपला आणि त्यात गाड्या एकदाही हलवाव्या लागल्या नाहीत, किंवा ठराव पाळूनही गाड्या बुडाल्या. यातलं काही झालं की ऑक्टोबरात बसून बोलायचं.

---

कोडेकर · १४ जानेवारी

बरोबर आहे. मी दोन्ही एकच धरत होतो.

---

दप्तरी_काका · १४ जानेवारी

आणि ताई, ४० हा आकडा तसाच उचलू नका. तो आयर्विनचा आहे, तुमच्या फाटकाचा नाही. सांगलीत कुठल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं हे जुन्या लोकांना पाठ असतं. काही भागात इशारा पातळीच्या आसपासच नाल्यातून उलटं पाणी येतं, काही ठिकाणी ५० पर्यंत काही होत नाही. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तुमच्या फाटकात पहिलं पाणी आलं तेव्हा आयर्विनला किती होतं, ते शोधा. त्याच्या चार-पाच फूट खाली तुमचा आकडा.

---

आयर्विनकाठ · १६ जानेवारी

वॉचमनकाकांची २०१९ ची रजिस्टर वही मिळाली. ओली होऊन सुकलेली, पानं चिकटलेली. ४ ऑगस्टच्या पानावर "पहाटे फाटकाजवळ पाणी" एवढं वाचता येतं, वेळ पुसलीय. त्या दिवसांचे पेपर वाचनालयात बघायला जाते आहे, पातळी सकाळची आणि संध्याकाळची छापलेली असेल.

---

द्राक्षबाग · १६ जानेवारी

ताई, पेपरात सापडली की ठरावातच लिहा, "२०१९ च्या नोंदीवरून". नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी म्हणेल हा आकडा कुठनं आणला.

आम्ही पण नवा कागद करतोय. "म्हैसाळ वितरिकेला लागोपाठ दोन आवर्तने, पाणीपट्टीच्या पावत्या जोडून" असं लिहिलंय. थोरल्यानं पावत्यांची अट घातली, धाकटा विचार करतो म्हणाला.

---

आयर्विनकाठ · १० मार्च

काल विशेष सभा झाली. ४/२०२५, निधीचा, थोड्या बदलानं मंजूर. "बँकेत जमा" हे शब्द घातले. पार्किंगचा ठराव तहकूब. दप्तरी काकांचं म्हणणं मांडलं, सातारारोड दादांचं पण मांडलं, आणि सभाही तशीच अर्धी-अर्धी वाटली गेली. शेवटी "तीन पावसाळे, त्यात गप्प राहिलं तर चालू, त्यानंतर आपोआप बंद" असा मसुदा वार्षिक सभेपुढे, ३० सप्टेंबरच्या आत, येईल. मधला हा एक पावसाळा जुनाच ठराव, पण मी सूचीत त्याच्यासमोर "फक्त पार्किंग, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, सभा ठराव ५/२०२५" अशी नोंद केलीय. फुटाचा आकडा अजून ठरला नाही. पेपरात सकाळची पातळी आहे, पण "पहाटे" म्हणजे किती वाजता यावर दोन म्हातारे सभासद एकमत होईनात.

४,१५,८०० चं काय करायचं यावर निर्णय झाला नाही. परत द्यायचे तर २०२३ आधी घर विकून गेलेल्यांचं काय, हा प्रश्न निघाला आणि सभा साडेदहाला संपली. ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांना लेखी उत्तर दिलं : एप्रिल २०२२ नंतरच्या आकारणीचा मुद्दा सभेपुढे प्रलंबित आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासूनची आकारणी कुठल्या ठरावानं आणि कधीपर्यंत ते त्यात लिहिलं.

एक विचारायचंय. सूची करताना मला मुदत नसलेले आणखी अकरा ठराव सापडले. कोविडच्या काळातला "कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये" हासुद्धा अजून कागदोपत्री चालूच आहे, मला वाचून फार वाईट वाटलं. अध्यक्ष म्हणतात, "१ एप्रिलपूर्वीचे मुदत नसलेले सगळे ठराव रद्द" असा एकच ठराव करून टाकू. करावा का?

---

दप्तरी_काका · ११ मार्च

नका करू. त्या अकरांत पाण्याच्या टाकीचा किंवा गच्चीच्या किल्लीचा असा एखादा असेल ज्याला मुदत मुद्दामच नव्हती, तो जाईल आणि कुणाला कळणार नाही. एकेक वाचा. प्रत्येकासमोर तीन पैकी एक लिहा : कायमचा, संपलेला, सभेपुढे ठेवायचा. लिफ्टचा मात्र वार्षिक सभेची वाट न बघता पुढच्याच सभेत घ्या, आणि रद्द झाल्यावर लिफ्टशेजारी कागद लावा. ज्यांच्याविषयी तो ठराव होता त्या वही वाचणार नाहीत.

---

आयर्विनकाठ · ११ मार्च

लावते, काका. लिफ्टमध्ये तेव्हाचा स्टिकर अजून आहे, अर्धा फाटलेला. तोही काढायचा राहिलाय.